ती हाक ऐकू गेली होती का?

*मी एक लघुकथा लिहितो आहे. साखळी सामना, बरोबरी झाली तरी उपांत्य फेरी पक्की. अगदी शेवटी गोलकीपर गोल खातो आणि आता चार दिवसांनी होणारा पुढचा सामना जिंकावाच लागणार असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सहकाऱ्यांसमोर जायचं आहे. त्याची रात्रभरची तगमग चार पानं लिहिली, ती बरी जमली आहे. पण तो ड्रेसिंग रूमच्या दारात पोचला की कथा बसकण मारते. कर्णधाराला त्याच्यावर ओरडायला लावून पाहिलं, सगळ्यांना मिठ्या मारायला लावून पाहिलं. दोन्ही खोटं वाटतं. शेवटी पुढच्या सामन्यात तो पेनल्टी अडवतो, एवढं ठरलेलं आहे. मी फुटबॉल खूप पाहतो, पण गोलमध्ये कधी उभा राहिलेलो नाही. दाराच्या आत नेमकं काय घडतं?*
*— दारात अडकलेला*

दाराच्या आत काय घडतं ते सांगतो. मी नऊ वर्षं गोलकीपर होतो, त्यातली सहा राखीव म्हणून बाकावर काढली, त्यामुळे अशा सकाळी मी दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. पण त्याआधी मला एक सांगा: तो गोल झाला कसा? तुमच्या पत्रात ‘गोल खातो’ एवढंच आहे. तुमच्या कथेतही तेवढंच असेल, अशी मला शंका आहे, आणि दारातली अडचण तिथूनच सुरू झाली असावी.

चेंडू हातातून निसटला, असं आपण धरून चालू. 2010च्या विश्वचषकात इंग्लंडचा रॉबर्ट ग्रीन अमेरिकेविरुद्ध असाच फसला. डेम्प्सीचा साधा, जमिनीलगतचा फटका त्याच्या हाताला लागून रेषेपलीकडे गेला. पाहणाऱ्याला अशा गोलाचं वाईट वाटतं, पण कथेला त्यातून फारसं काही मिळत नाही. मैदानावरच्या प्रत्येकानं तेच पाहिलेलं असतं आणि प्रत्येकाचं मतही तेच असतं. सकाळी दार उघडल्यावर आत कुणालाच न माहीत असलेली अशी एकही गोष्ट शिल्लक नसते. मग लेखकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात, शिवी किंवा मिठी. तुम्ही दोन्ही लिहून पाहिल्यात आणि दोन्ही खोट्या वाटल्या, म्हणजे तुमचा कान शाबूत आहे.

गोलकीपरच्या आठवणीत वर्षानुवर्षं सलत राहते ती दुसऱ्या जातीची चूक, निर्णयाची. 1950च्या विश्वचषकातला शेवटचा सामना आठवा. ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध बरोबरीसुद्धा पुरली असती. 66व्या मिनिटाला उरुग्वेचा घिजिया उजवीकडून धावत आला, त्यानं चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोनं गोल केला. 79व्या मिनिटाला तोच घिजिया त्याच बाजूनं पुन्हा सुटला. तो चेंडू पुन्हा मध्येच देणार, असं समजून गोलकीपर बार्बोसा किंचित पुढे सरकला आणि घिजियानं जवळच्या खांबालगतच्या फटीतून थेट गोल मारला. बार्बोसा 2000 साली वारला, तोवर त्या गोलानं त्याची पाठ सोडली नाही. पण तेरा मिनिटं मागे जाऊन पाहिलं, तर त्याचं पाऊल मूर्खपणाचं वाटत नाही. नुकत्याच शिकलेल्या धड्याप्रमाणेच तो वागला होता. शिवाय दोन्ही वेळा घिजियाला रोखू न शकलेला बिगोडे नावाचा बचावपटू होता, आणि दोष त्याच्याही वाट्याला आला. म्हणजे एका गोलात दोन माणसं अडकली होती. तुमच्या गोलात मला अजून एकच माणूस दिसतो.

दुसरा माणूस आणायचा असेल तर गोल बदला. मी सुचवतो तो असा.

88वं मिनिट, 1-1. डावीकडे, बॉक्सच्या बरंच बाहेर प्रतिस्पर्ध्यांना फ्री किक मिळाली आहे. मारणारा उजव्या पायाचा आहे, म्हणजे चेंडू गोलकडे वळत येणार. तुमचा गोलकीपर रेषेपुढे दोन-तीन पावलांवर उभा आहे. त्याच्यासमोर गर्दी आहे आणि त्या गर्दीत त्याचा स्वतःचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, आहे. स्टॉपरचं तोंड चेंडूकडे आणि पाठ गोलकीपरकडे. ही पाठ नीट लक्षात ठेवा, कारण सगळी कथा तिच्यावर उभी राहणार आहे. गोलकीपर पुढे निघालाय की रेषेवरच थांबलाय, हे स्टॉपरला दिसत नाही. त्याला ते फक्त ऐकू येऊ शकतं. म्हणून गोलकीपरनं एकच शब्द ओरडायचा असतो: ‘कीपर!’ हा शब्द कानावर पडला की बचावपटूनं चेंडू सोडायचा आणि वाट मोकळी करायची. ‘सोड’ किंवा ‘माझा’ असं ओरडू नये, असं शिकवतात. गर्दीत ते कोण म्हणालं हे कळत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला ओरडून फसवलं असं पंचाला वाटलं तर तो शिट्टी वाजवून पिवळं कार्डही दाखवू शकतो.

असा चेंडू हवेत फार तर दोन सेकंद असतो. जायचं की थांबायचं, हे पहिल्या अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं, आणि एकदा निघालं की परत फिरता येत नाही. अर्ध्या वाटेत थांबलेल्या गोलकीपरचा त्रिशंकू होतो. हातात चेंडू नाही आणि पाठीमागे मोकळा गोल. तुमचा माणूस निघतो, हाक मारतो. चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा हातभर आधी खाली वळतो. उडी मारण्याच्या तयारीत असलेला स्टॉपर अचानक मान खाली घालतो. मागून आलेला प्रतिस्पर्धी मोकळ्या गोलमध्ये हेडर मारतो.

आता प्रश्न असा, की स्टॉपरनं मान का खाली घातली? हाक ऐकली म्हणून, की चेंडू डोक्यावरून जाईल असा त्याचाच अंदाज चुकला म्हणून? प्रेक्षकांना फक्त गोल सोडून मध्येच भरकटलेला गोलकीपर दिसला. आपण ओरडलो, हे गोलकीपरला माहीत आहे. किती मोठ्यानं ओरडलो हे त्याला खात्रीनं सांगता येत नाही. हाक ऐकू आली की नाही, हे स्टॉपर एकटाच जाणतो. ऐकूनच थांबला असेल तर दोष पूर्णपणे गोलकीपरचा. ऐकलीच नसेल तर दोघांचा. तुमच्या गोलकीपरला रात्रभर हेच ठाऊक नसतं, आणि सकाळी त्या दारातून त्याला आत जावंच लागतं ते यासाठी. माफी त्याला मागायची आहेच, पण कशाबद्दल मागायची हेच अजून ठरलेलं नाही.

आता दाराच्या आत.

तुम्ही धरून चाललात की संपूर्ण संघ एका खोलीत त्याच्याकडे तोंड करून उभा असतो. तसं होत नाही, आणि हे तुमच्या पथ्यावरच पडणारं आहे. सामन्याच्या दुसऱ्या सकाळी संघ पांगलेला असतो. जे पूर्णवेळ खेळले ते हलका व्यायाम करतात: स्थिर सायकल, सावकाश धावणं, स्नायू ताणणं. जे खेळले नाहीत त्यांचा मात्र मैदानावर पूर्ण सराव असतो. गोलकीपर आपल्या प्रशिक्षकाबरोबर एका कोपऱ्यात वेगळेच असतात. त्यामुळे समोरासमोर येण्याच्या जागा मोजक्याच उरतात. कपडे बदलताना, फिजिओच्या टेबलाशी आपल्या पाळीची वाट बघताना, सायकलींच्या रांगेत, आणि चित्रफीत दाखवतात त्या बैठकीत.

रागाबद्दलही थोडं बोलू. रागाचा भडका उडायचा असेल तर तो बहुधा सामना संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत उडतो. सकाळपर्यंत माणसं आपापल्या हिशोबात बुडालेली असतात. ती फ्री किक ज्याच्यामुळे द्यावी लागली तो विंगर जमिनीकडे बघत बुटाच्या नाड्या सोडत असतो. ज्यानं 60व्या मिनिटाला समोरचा मोकळा गोल हुकवला तो विनाकारण बडबड करत असतो. गोलकीपर आत येतो तेव्हा आवाज थांबत नाही, फक्त एक पट्टी खाली येतो. कुणीतरी नको इतक्या सहजपणे ‘काय रे’ म्हणतं. ही जास्तीची सहजताच बोचते. मी तर म्हणेन की ‘विसर ते’ असं म्हणणारा एक आणि काहीच न म्हणता टॉवेल पुढे करणारा एक, एवढे दोघे पुरेत. बाकीच्यांना कामात गुंतलेले ठेवा.

एका माणसाला मात्र पत्रात तुम्ही विसरलात, तो म्हणजे राखीव गोलकीपर. ही जागा माझी होती, म्हणून स्पष्ट सांगतो. पहिल्या गोलकीपरनं असा गोल खाल्ला की राखीव गोलकीपरच्या पोटात सगळ्यात आधी आनंद होतो. एका क्षणानंतर त्याला त्याची लाज वाटते, पण आनंद आधी येतो. आणि दुसऱ्या सकाळी त्या कोपऱ्यात हेच दोघे समोरासमोर असतात. सराव साध्या झेलांनी सुरू होतो. पाच-सहा पावलांवरून एकानं चेंडू हलकेच दुसऱ्याच्या छातीकडे मारायचा, दुसऱ्यानं तो पकडून परत द्यायचा. चार दिवसांनी त्या हातमोज्यांच्या जागी आपले असतील का, याचा विचार करत राखीव गोलकीपर त्याच्याकडे चेंडू मारतो आहे. अशा सकाळी त्यानं चेंडू नेहमीपेक्षा हळू मारला, तर ती दया आहे. नेहमीइतकाच जोरात मारला, तर तो आदर आहे. समोरच्याला यातला फरक पहिल्याच चेंडूला कळतो. या प्रसंगात संवाद घालू नका.

कथेचा गाभा मात्र मी बैठकीत ठेवीन, आणि तो एका तांत्रिक कारणासाठी. विश्लेषणासाठी चित्रण करणारा कॅमेरा उंचावर, दूर असतो. त्यात मैदानावरचे शब्द येत नाहीत. आलाच तर प्रेक्षकांचा गलका येतो, आणि बैठकीत बहुतेकदा तोही बंद केलेला असतो. म्हणजे सगळा संघ तो गोल पुन्हा पाहणार, पण हाक कुणालाच ऐकू येणार नाही. मी लिहिली असती तर साधारण अशी:

“प्रशिक्षकांनी चित्र थांबवलं. चेंडू हवेत, स्टॉपरची मान खाली. ‘इथं काय झालं?’

त्यानं श्वास घेतला. तो बोलायच्या आतच पुढच्या खुर्चीवरून स्टॉपर म्हणाला, ‘माझा अंदाज चुकला. डोक्यावरून जाईल असं वाटलं.’

‘हं,’ म्हणत प्रशिक्षकांनी बटण दाबलं. पडद्यावर तो स्वतः गर्दीत शिरताना दिसला. इतक्या लांबून चेहरा नीट दिसत नव्हता, पण तोंडाच्या जागी एक काळा ठिपका होता. तोंड उघडं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळे चेंडूकडे बघत होते.”

आता त्याच्यापुढे खरा पेच आहे. स्टॉपर खरं बोलला, की त्यानं दोष आपल्या अंगावर घेतला? खरं बोलला असेल, तर गोलकीपरचं ओझं निम्मं उतरलं. खोटं बोलला असेल, तर चांगुलपणा म्हणून, की गोलकीपर बिथरला तर चार दिवसांनी आपलंच नुकसान होईल म्हणून? बोलायचं तर आताच बोलायला हवं. एकदा क्लिप पुढे सरकली की हा विषय सगळ्यांसाठी संपला.

त्याच्यासमोर वाटा तीन. बैठकीतच हात वर करून ‘मी हाक मारली होती’ असं तो सांगू शकतो. हे प्रामाणिक वाटतं, पण नीट ऐका, त्या वाक्याला दोन तोंडं आहेत. ‘चूक माझी’ असाही त्याचा अर्थ होतो आणि ‘मी माझं काम केलं होतं’ असाही. सगळ्यांसमोर ते उच्चारल्यावर यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे त्याच्या हातात राहत नाही. दुसरी वाट गप्प बसण्याची. ही माणसाच्या स्वभावाला सगळ्यात जवळची, आणि तुम्हाला कडवट शेवट हवा असेल तर चालेल. फक्त त्या गप्प बसण्यात त्याला आलेला सुटकेचा श्वास लपवू नका. तिसरी वाट मला जास्त आवडते. बैठकीनंतर दोघे शेजारशेजारच्या सायकलींवर असतात. सायकलवर एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत पाय मारतात. पुरुषांना एकमेकांशी बोलायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही. तो विचारतो, ‘काल ऐकू आलं होतं का तुला?’ स्टॉपर थोडा वेळ पाय मारत राहतो आणि म्हणतो, ‘पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं ओरड.’

या उत्तराला हात लावू नका. ऐकू आलं नव्हतं, असाही त्याचा अर्थ लागतो. ऐकू आलं होतं पण तो विषय आता बंद, असाही लागतो. वाचकाला दोन्ही लागू द्या. ‘म्हणजे ऐकलं नव्हतंस तर’ असं गोलकीपरच्या मनात घालण्याचा मोह होईल, तो टाळा.

एक धोका राहतो, कारण पुरवण्याचा. तिसऱ्या मसुद्याच्या आसपास लेखकाला आपल्या नायकाची दया येते आणि मग सूर्य त्याच्या डोळ्यांवर येतो, मैदान ओलं होतं, कुणीतरी धक्का देतं. 2018च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या कारियसच्या हातून दोन भयंकर गोल झाले. सामन्यात आधी डोक्याला मार बसल्यानं त्याला मेंदूचा आघात झाला होता, असं डॉक्टरांनी काही दिवसांनी जाहीर केलं. कारण वैद्यकीय होतं, कागदावर होतं. तरी लोकांच्या आठवणीत ते दोन गोलच राहिले. बाहेरून आणलेलं कारण वाचकाला पटतं, पण त्यानंतर त्याला सकाळची पर्वा उरत नाही. तुमच्या गोलकीपरकडे हाकेशिवाय दुसरं कारण असू नये.

रात्रीच्या चार पानांबद्दल सांगायचं, तर ती तुम्हाला जमली असं वाटतंय, म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. त्या पानांत तो एकटा आहे आणि एकट्या माणसाला काहीही वाटू देता येतं. त्यातलं अर्धं पान ठेवा, आणि त्यात त्याला हातांनी काहीतरी करायला द्या. गोलकीपरच्या हातमोज्यांच्या तळव्याला लॅटेक्स असतं. ते कोमट पाण्यात चोळून धुवावं लागतं आणि सावलीत वाळवावं लागतं. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर कडक होऊन तडकतं. सामन्याच्या रात्री हे काम करावंच लागतं. तो मोजे धुतो आणि त्याच्या लक्षात येतं की आज पाण्यात मातीच उतरत नाही. शेवटच्या गोलाला त्यानं सूरही मारला नव्हता. कोपर सोललेलं नाही, कंबरेच्या हाडावर खरचटलेलं नाही. हरला तेव्हा तो उभा होता. चार पानांची तगमग या एका नितळ पाण्यात मावते, असं मला वाटतं. (हे इतर वाचकांनाही सांगतो, कारण धावपटू, शल्यविशारद, बसचालक अशा स्वतः न केलेल्या कामांवर कथा लिहिणाऱ्यांची पत्रं बरीच येतात. त्या कामातल्या माणसाला ‘तेव्हा काय वाटलं’ असं विचारू नका, तो वर्तमानपत्रासारखं उत्तर देईल. ‘त्यानंतर घरी जाऊन हातांनी काय केलंत’ असं विचारा.)

शेवटी तुमची पेनल्टी. ती काढा. पेनल्टीला गोलकीपर अकरा मीटरवर एकट्या माणसासमोर उभा असतो. तिथे ना गर्दी असते ना स्टॉपरची पाठ, आणि हाक मारायची गरजही नसते. शिवाय पेनल्टीवर गोल झाला म्हणून गोलकीपरला कुणी नावं ठेवत नाही. त्यानं ती अडवली तर ते बक्षीस आहे, पण त्याचा कालच्या चुकीशी संबंध नाही. पोहण्यात बुडता बुडता वाचलेल्या माणसाला झाडावर चढवून दाखवल्यासारखं ते होईल.

पुढचा सामना लिहायचाच असेल तर त्याला एक परिच्छेद द्या. निकाल सांगू नका, तो पहिल्या अकरात कसा राहिला तेही सांगू नका. पुन्हा एक फ्री किक, पुन्हा तीच बाजू. स्टॉपरची पाठ पुन्हा त्याच्यासमोर. चेंडू उडतो, तो एक पाऊल टाकतो आणि तोंड उघडतो. कथा तिथे, चेंडू हवेत असतानाच थांबवा.